चार ऑर्डर, एक तरंगलांबी: सरासरी नेमकी कशी घ्यायची?

प्रश्न: ३०० रेषा प्रति मिलिमीटरच्या ग्रेटिंगवर पाऱ्याच्या दिव्याची हिरवी रेषा मोजली. डावं-उजवं रीडिंग घेऊन निम्मे कोन काढले: ९° २७.५′, १९° ७.५′, २९° २८′ आणि ४०° ५८′. त्यातून तरंगलांबी आली ५४७.७७, ५४६.०५, ५४६.५७ आणि ५४६.३५ नॅनोमीटर. सरासरी ५४६.६९, अनिश्चितता ०.३८ असं जर्नलमध्ये लिहिलं. पुस्तकात ५४६.०७ आहे. पहिली ऑर्डर वाईट दिसते, ती सोडून द्यायची का? आणि चार किमती आहेत म्हणून पसारा √४ ने भागला, ते बरोबर आहे का?

उत्तर:

तुमची रीडिंग चांगली आहेत. गडबड झाली आहे ती रीडिंगनंतरच्या हिशोबात, आणि ती दोन ठिकाणी आहे. एक, चारही किमती सारख्याच भरवशाच्या आहेत असं तुम्ही धरलंत. दोन, चारही किमतींमध्ये एक सामाईक चूक दडलेली असू शकते, तिचा विचारच झाला नाही. पहिली ऑर्डर सोडायची गरज नाही. तिला तिच्या लायकीइतकंच वजन दिलं की ती आपोआप बाजूला बसते.

आधी पहिल्या गोष्टीचं बघू. सूत्र तुम्हाला माहीत आहेच:

d sinθ = mλ

कोनात थोडी चूक झाली तर λ किती हलेल, हे या सूत्राचं θ च्या सापेक्ष अवकलन केलं की मिळतं:

σ(λ) = (d cosθ / m) · σ(θ) = λ cotθ · σ(θ)

यातला cotθ नीट बघा, सगळं त्यात आहे. तुमचा डोळा, क्रॉसवायर आणि व्हर्निअर प्रत्येक ऑर्डरला साधारण तेवढीच चूक करतात, समजा १ मिनिट. पण ९ अंशांच्या कोनात १ मिनिट हा मोठा हिस्सा असतो आणि ४१ अंशांत तो लहान असतो. शिवाय कोन वाढत जातो तसा sinθ सावकाश वाढतो, त्यामुळे तीच कोनीय चूक sinθ मध्ये आणखी कमी दिसते. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात, म्हणून ऑर्डर वाढते तशी अनिश्चितता झपाट्याने उतरते.

इथे १ मिनिट म्हणजे रेडियनमध्ये ०.०००२९१. हे रूपांतर बरेच जण विसरतात. अंशांतली किंमत तशीच सूत्रात घातली की उत्तर ५७ पट फुगतं, आणि मग ‘प्रयोगच ढोबळ आहे’ असा गैरसमज होतो.

तुमच्या कोनांवरून हिशोब केला तर पहिल्या ऑर्डरची अनिश्चितता ०.९६ नॅनोमीटर येते, दुसरीची ०.४६, तिसरीची ०.२८ आणि चौथीची ०.१८. आता तुमची ५४७.७७ ही किंमत पुन्हा बघा. ती खऱ्या किमतीपासून १.७ नॅनोमीटर लांब आहे म्हणून तुम्हाला ती खराब वाटली. पण तिची स्वतःचीच अनिश्चितता जवळजवळ १ नॅनोमीटर आहे, म्हणजे ती पावणेदोन अनिश्चितता दूर आहे. असं अधूनमधून होतंच. ते रीडिंग खोटं नाही, फक्त कमी सांगणारं आहे.

आता σ(θ) साठी मी १ मिनिट का घेतलं, तेही सांगते, कारण इथे बहुतेक जण लीस्ट काउंट उचलून लिहितात. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या स्पेक्ट्रोमीटरला बहुधा अर्ध्या अंशाची मुख्य पट्टी आणि ३० भागांचा व्हर्निअर असतो, म्हणून लीस्ट काउंट १ मिनिट. पण लीस्ट काउंट म्हणजे तुमची अनिश्चितता नव्हे. क्रॉसवायर रेषेवर बसवताना हात किती इकडेतिकडे होतो, हे स्लिटच्या रुंदीवर आणि रेषेच्या तेजावरही अवलंबून असतं. ते मोजायची पद्धत सोपी आहे. एका ऑर्डरला क्रॉसवायर बसवा, रीडिंग घ्या, टेलिस्कोप मुद्दाम दूर न्या, परत आणून पुन्हा बसवा. असं पाच वेळा करा आणि त्या पाच रीडिंगचा पसारा काढा. हे करताना आधीचं रीडिंग बघू नका, नाहीतर हात त्याच ठिकाणी थांबतो.

समजा एका बाजूच्या रीडिंगचा पसारा १.४ मिनिटं आला. उजवं वजा डावं केलं की दोन स्वतंत्र चुका वर्गाने मिळतात, म्हणून 2θ ची अनिश्चितता २ मिनिटं. त्याचं निम्मं केलं की θ ची १ मिनिट. म्हणून मी १ घेतलं. तुमच्या उपकरणावर ती वेगळी निघाली तर तीच वापरा. दोन्ही व्हर्निअर वाचून सरासरी घेत असाल तर उत्तमच, कारण पट्टीचं केंद्र आणि फिरण्याचा अक्ष अगदी एका जागी नसला तरी त्याची चूक त्यात जाते.

आता वजनं. प्रत्येक ऑर्डरला 1/σ² इतकं वजन द्यायचं. λ आणि σ(θ) सगळीकडे सारखेच असल्यामुळे वजन थेट tan²θ च्या प्रमाणात येतं. वेगळ्या आकडेमोडीची गरजच राहत नाही, कोनांचे tan काढा आणि वर्ग करा. तुमच्या कोनांसाठी एकूण वजनातला वाटा असा पडतो: पहिली ऑर्डर सुमारे २ टक्के, दुसरी १०, तिसरी २६ आणि चौथी ६२. साध्या सरासरीत मात्र तुम्ही प्रत्येकीला २५ टक्के दिले होते. चौथ्या ऑर्डरचं खरं वजन पहिलीच्या २७ पट आहे, आणि तुम्ही दोघींना एकाच रांगेत बसवलंत.

या वजनांनी सरासरी घेतली की λ = ५४६.४१ येतं. अनिश्चिततेसाठी मात्र चारही 1/σ² ची बेरीज करून तिच्या वर्गमुळाचा व्यस्त घ्यायचा, तो येतो ०.१४ नॅनोमीटर. √४ ने भागण्याचा नियम फक्त सारख्याच दर्जाच्या स्वतंत्र रीडिंगना लागू होतो. तुमच्या चार किमतींचा दर्जा सारखा नव्हता. त्यामुळे तुमचा ०.३८ हा आकडा मुख्यतः पहिल्या ऑर्डरने ओढून मोठा केलेला आहे.

ग्राफ काढायची सवय असेल तर आणखी सोपं. आडव्या अक्षावर m आणि उभ्या अक्षावर sinθ घ्या, मूळ बिंदूतून जाणारी सरळ रेषा बसवा, उतार म्हणजे λ/d. अशा रेषेत मोठ्या m ला आपोआप m² इतकं वजन मिळतं, cosθ चा भाग तेवढा सुटतो. तुमच्या रीडिंगवर अशी साधी रेषा ५४६.४२ देते. वजनी सरासरीपेक्षा फरक फक्त ०.०१. प्रॅक्टिकलच्या वेळेत हे पुरेसं आहे.

एवढं झाल्यावर एक तपासणी करायचीच. प्रत्येक किमतीचं सरासरीपासूनचं अंतर तिच्या स्वतःच्या अनिश्चिततेने भागा, वर्ग करा आणि चारही वर्गांची बेरीज करा. ऑर्डरच्या संख्येतून एक वजा केल्यावर जो आकडा येतो त्याच्या आसपास ही बेरीज यायला हवी, म्हणजे तुमच्यासाठी ३ च्या आसपास. तुमची बेरीज ३.१ आहे. याचा अर्थ चारही ऑर्डर एकमेकींशी नीट जुळतात आणि १ मिनिटाचा अंदाजही बरोबर आहे. ही बेरीज १२-१५ आली असती तर मी हिशोब तिथेच थांबवून उपकरणाकडे वळले असते. ०.२ आली असती तरी शंका आली असती, कारण मग एकतर σ(θ) उगाच मोठी धरली आहे किंवा रीडिंग एकमेकांकडे बघून घेतली आहेत.

यावरून पहिल्या ऑर्डरच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. ती ठेवली काय आणि काढली काय, उत्तर ०.०३ नॅनोमीटरनेच बदलतं. मग ठेवायची कशाला? कारण चुकीचा उगम शोधायला तीच उपयोगी पडते. ते पुढे सांगते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. ५४६.४१ ± ०.१४ असं लिहिलं तर पुस्तकातल्या ५४६.०७ पासून तुम्ही सुमारे २.४ अनिश्चितता दूर आहात. हा फरक अस्वस्थ करणारा आहे. पण ०.१४ मध्ये फक्त कोनाची चूक आहे. तुम्ही d = ३३३३.३ नॅनोमीटर घेतलंत ते ग्रेटिंगवरच्या चिठ्ठीवरून. ‘३०० रेषा’ म्हणजे नेमक्या ३००.००० असं त्या चिठ्ठीत कुठेही म्हटलेलं नाही. आपण वापरतो ती ग्रेटिंग मूळ ग्रेटिंगच्या साच्यावरून घेतलेली प्रत असते, आणि प्रत घेताना फिल्म जराशी आक्रसू शकते.

d मध्ये ०.१ टक्का चूक असली तर चारही ऑर्डरची λ ०.१ टक्क्यानेच, एकाच दिशेने हलते. म्हणजे ०.५५ नॅनोमीटर. चार ऑर्डर घेतल्या काय आणि चाळीस घेतल्या काय, सरासरीने ही चूक कमी होत नाही, कारण ती सगळ्यांत एकच आहे. चार माणसांनी एकाच चुकीच्या फुटपट्टीने टेबल मोजलं तर त्यांची सरासरी चुकलेलीच राहते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त कोनाच्या अनिश्चिततेवरून वजनं काढा आणि सरासरी घ्या. d ची अनिश्चितता शेवटी, एकदाच, वर्गांच्या बेरजेने मिळवा:

σ² = 0.14² + 0.55², म्हणून σ = 0.57

हीच ०.५५ प्रत्येक ऑर्डरच्या अनिश्चिततेत आधीच मिसळली आणि मग वजनी सरासरी घेतली, तर दोन गोष्टी बिघडतात. चारही अनिश्चितता एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात, त्यामुळे वजनं पुन्हा सपाट होतात. आणि शेवटी ०.३५ असा आकडा येतो, जणू d ची चूक प्रत्येक ऑर्डरला नव्याने नाणं उडवून ठरली होती. ०.५७ च्या जागी ०.३५ लिहिणं म्हणजे नसलेला भरवसा दाखवणं. संगणकावर तयार सूत्र भरणाऱ्या मुलांच्या जर्नलमध्ये ही चूक मला वारंवार दिसते, आणि आकडे नीटनेटके असल्यामुळे ती सहज पकडली जात नाही.

याचं इतिहासातलं उदाहरण माझ्या मनात कायम आहे. अँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सौर वर्णपटातल्या रेषांच्या तरंगलांबींचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला. काम ग्रेटिंगने केलेलं, अत्यंत काळजीपूर्वक, आणि पुढे अनेक वर्षं तेच मानक मानलं गेलं. पण ज्या उप्सालाच्या मीटरपट्टीवरून त्यांच्या ग्रेटिंगच्या रेषांमधलं अंतर ठरलं होतं, तीच किंचित चुकलेली निघाली. चूक काही हजारांत एक भाग एवढीच होती, पण ती सगळ्या रेषांमध्ये सारखी उतरली. रेषा एकमेकींशी चोख जुळत होत्या, म्हणून आतून पाहून ती सापडण्याजोगी नव्हती. अँगस्ट्रॉम १८७४ मध्ये वारले. त्यांचे सहकारी थालेन यांनी नंतर ही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

तुम्हाला हे टाळणं अवघड नाही. ग्रेटिंग न हलवता पाऱ्याच्या दिव्याच्या जागी सोडियमचा दिवा ठेवा आणि ज्ञात रेषेवरून d स्वतःच काढा. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा आहेत, ५८८.९९५ आणि ५८९.५९२ नॅनोमीटर. तुमच्या ग्रेटिंगवर पहिल्या ऑर्डरला त्यांच्यात जेमतेम ०.६ मिनिटाचं अंतर पडतं, त्यामुळे त्या एकच रेषा दिसतात आणि क्रॉसवायर नेमकी कशावर बसली हे कळत नाही. चौथ्या ऑर्डरला मात्र हे अंतर साडेतीन मिनिटांच्या आसपास जातं. स्लिट बारीक केली की दोन्ही रेषा वेगळ्या दिसतात. त्यातली आतली, म्हणजे कमी कोनाची रेषा ५८८.९९५ ची.

समजा तिचा निम्मा कोन ४५° ०.५′ आला. मग

d = 4 × 588.995 / sin(45° 0.5′) = 3331.4 nm

४५ अंशाला cotθ जवळजवळ १ असल्यामुळे १ मिनिटाच्या चुकीने d मध्ये ०.०००२९ पट, म्हणजे ०.९७ नॅनोमीटर अनिश्चितता येते. चिठ्ठीवरच्या किमतीपेक्षा हा d सुमारे ०.०६ टक्क्याने कमी आहे. तुमची ५४६.४१ ही किंमत त्याच प्रमाणात खाली आणली की ५४६.०९ होते. d मुळे येणारी अनिश्चितता आता ०.१६, कोनामुळे आलेली ०.१४, दोन्ही मिळून ०.२१. उत्तर ५४६.१ ± ०.२ नॅनोमीटर. सोडियमच्याही चारही ऑर्डर घेतल्या तर ०.१६ आणखी उतरेल, पण खालच्या ऑर्डरना दोन रेषा एकत्र दिसतात, म्हणून तिथे ५८९.३ ही सरासरी किंमत धरावी लागेल आणि तिच्यावर फार विसंबता येणार नाही.

सोडियमचा कोन मी इथे हिशोब दाखवण्यासाठी धरला आहे, तुमचा वेगळा येईल. तो आल्यावर λ पुस्तकाच्या जवळ गेली पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. d मोजून झाल्यावर जे येईल ते.

आता पहिली ऑर्डर कशासाठी ठेवायची ते. वेगवेगळ्या ऑर्डर घेण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा अचूकतेचा नाहीच. चूक कुठून आली हे ऑर्डर सांगतात, कारण प्रत्येक चुकीची ऑर्डरनुसार बदलण्याची चाल वेगळी असते. λ विरुद्ध m असा आलेख काढा, प्रत्येक बिंदूवर त्याची अनिश्चितता उभ्या दांडीने दाखवा आणि बघा.

समजा कोणी फक्त एकाच बाजूची रीडिंग घेतली आणि सरळ किरणाचं रीडिंग ३ मिनिटांनी चुकलं. मग पहिल्या ऑर्डरची λ सुमारे २.९ नॅनोमीटरने चुकेल आणि चौथीची फक्त ०.५ ने. म्हणजे पहिल्या ऑर्डरला बिंदू दूर आणि पुढे हळूहळू जवळ येत जाणारी रांग दिसेल. पहिली ऑर्डर नसेल तर ही खूण जवळजवळ पुसली जाते. डाव्या-उजव्याचं निम्मं घेतलं की ही चूक पूर्ण नाहीशी होते, म्हणून तुमच्या बाबतीत तो संशय नाही. तुमची पहिली ऑर्डर वर आहे खरी, पण ती दांडीच्या दीडपटीच्या आत आहे, त्यातून कल शोधू नका.

ग्रेटिंग किरणाला अगदी काटकोनात नसेल तर चाल उलटी असते. एका बाजूच्या रीडिंगमध्ये ग्रेटिंग १ अंशाने तिरकं असेल तर पहिल्या ऑर्डरला चूक ०.८ नॅनोमीटर येते, दुसरीला १.६, तिसरीला २.५ आणि चौथीला ३.६. नेमक्या ज्या ऑर्डरवर आपण सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तिलाच सर्वांत जास्त धक्का बसतो. एका बॅचमध्ये पहिल्या ऑर्डरचं उत्तर सुरेख आणि चौथीचं तीन-साडेतीन नॅनोमीटर वर असं आलं होतं. मुलं म्हणाली, वरच्या ऑर्डर अंधुक असतात म्हणून असं झालं. अंधुकपणाने पसारा वाढतो, पण एकाच दिशेने चढत जाणारी रांग त्याने बनत नाही. बघितलं तर प्रिझम टेबलाचा स्क्रू सैल होता आणि रीडिंग एकाच बाजूची घेतलेली. दुसऱ्या बाजूची रीडिंग घेतल्यावर तिथे तेवढीच चूक उलट दिशेने दिसली.

डाव्या-उजव्याचं निम्मं घेतलं की तिरकेपणाची मोठी चूक कटते, पण पूर्ण जात नाही. तिरकेपणाचा कोन i (रेडियनमध्ये) असेल तर λ इतकी मोठी दिसते:

Δλ = λ · (i²/2) · sec²θ

१ अंशाच्या तिरकेपणाने पहिल्या ऑर्डरला ०.०९ आणि चौथीला ०.१५ नॅनोमीटर. हे तुमच्या ०.१४ च्या तोडीचं आहे, म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. तिरकेपणा २ अंशांवर गेला तर ही चूक चौपट होते.

बरं, i कळणार कसा? तो तुमच्या वहीतच आहे, निम्मे कोन काढताना तुम्ही तो टाकून दिलात. सरळ किरणाचं रीडिंग मध्ये धरून उजवा कोन आणि डावा कोन वेगवेगळे काढा. दोघांतला फरक साधारण असा असतो:

θ(उजवा) − θ(डावा) = 2i (secθ − 1)

चौथ्या ऑर्डरला १ अंश तिरकेपणामागे हा फरक जवळजवळ ३९ मिनिटं येतो. व्हर्निअरवर तो ठळक दिसतो. पहिल्या ऑर्डरला तो दीड-पावणेदोन मिनिटांवर येतो आणि हाताच्या चुकीत हरवतो. तुमच्या चौथ्या ऑर्डरचा फरक १० मिनिटांच्या आत असेल तर तिरकेपणा पाव अंशापेक्षा फारसा जास्त नाही, आणि त्याची चूक ०.०१ नॅनोमीटर, म्हणजे सोडून देण्याजोगी. फरक अर्धा-पाऊण अंश असेल तर आधी टेबल फिरवून ग्रेटिंग सरळ करा आणि रीडिंग पुन्हा घ्या. नंतर सूत्राने दुरुस्ती करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तिसरी चाल d ची. तिच्यात चारही बिंदू एकाच पातळीवर, नीट जुळलेले, आणि सगळे मिळून वर किंवा खाली सरकलेले असतात. आतून कुठलीही तपासणी ती पकडत नाही, वर्गांची ३.१ ही बेरीज तर नाहीच नाही. ती फक्त बाहेरची ज्ञात रेषा आणूनच सापडते. सोडियमचा दिवा लागतो तो त्यासाठी.

वरच्या ऑर्डरमध्ये एक गोष्ट सांभाळा. पाऱ्याच्या दिव्यात हिरवीबरोबर जांभळी, निळी आणि पिवळ्यांची जोडी असते, आणि ऑर्डर एकमेकींवर चढू लागतात. ४०४.६६ च्या जांभळ्या रेषेची चौथी ऑर्डर तुमच्या हिरव्या रेषेच्या तिसऱ्या ऑर्डरच्या अगदी अलीकडे येते, जेमतेम अर्ध्या अंशाच्या आत. रंग बघून मोजलं तर घोळ होत नाही. पण अंधुक प्रकाशात ‘पुढची ठळक रेषा’ असं धरून मोजत गेलं की m चाच आकडा चुकतो. तो चुकला तर λ काही टक्क्यांनी नाही, थेट चतुर्थांशाने किंवा तृतीयांशाने चुकते, त्यामुळे निदान लपत तरी नाही.

शेवटी जर्नलमध्ये काय लिहायचं ते. सोडियमची मोजणी होईपर्यंत ‘५४६.४ ± ०.६ नॅनोमीटर, d ची अनिश्चितता ०.१ टक्का धरून’ असं लिहा, आणि कोनाची ०.१४ व d ची ०.५५ हे दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवा. वाचणाऱ्याला मग कळतं की पुढची मेहनत कोनावर करून उपयोग नाही, ती ग्रेटिंगवर करायला हवी. ५४६.०७ या किमतीपासून तुम्ही त्या अनिश्चिततेच्या बरेच आत आहात. दशांशानंतर दोन आकडे असलेलं ५४६.४१ मात्र अंतिम उत्तर म्हणून लिहू नका, ०.६ च्या अनिश्चिततेपुढे त्या शेवटच्या १ ला अर्थ नाही.

सोडियम करणारच असाल तर त्याच बैठकीत पाऱ्याच्या हिरव्या रेषेची पाचवी ऑर्डर शोधून बघा. ती ५५ अंशांच्या आसपास असते आणि अंधुक असते, खोली पूर्ण काळोखी करावी लागते. दिसली तर तिची एकटीची अनिश्चितता ०.११ येते, म्हणजे तुमच्या चारही ऑर्डर मिळून येणाऱ्या ०.१४ पेक्षा कमी. पण त्या कोनाला sec²θ तीनच्या वर जातो, त्यामुळे १ अंश तिरकेपणा तिथे पाव नॅनोमीटर खातो. तिरकेपणाची चूक ०.०५ च्या आत ठेवायची तर पाचव्या ऑर्डरला डाव्या-उजव्या कोनांतला फरक ४० मिनिटांच्या आत असायला हवा. तो आधी मोजा, बसला तरच त्या ऑर्डरला तिचं tan²θ वजन द्या.